नवीन शब्दावर बल कुठे पडतं: लघुगुरू, गण आणि पायऱ्यांचा क्रम

प्रश्न: लॅटिनचा ‘उपांत्य गुरू असेल तर त्यावर बल, नाहीतर त्याच्या आधीच्यावर’ हा नियम मला पाठ आहे, लावताही येतो. पण मात्रा, ट्रोकी, आयँब, गण हे सगळं मध्ये आलं की गोंधळ उडतो. हे गण खरोखर लागतात का? आणि कधीही न ऐकलेला शब्द समोर आला तर बल कुठे द्यायचं ते पायरीपायरीने कसं ठरवायचं?

लॅटिनपुरतं बोलायचं तर गण न पाडताही काम भागतं. शेवटचे तीन सिलॅबल, म्हणजे उच्चारात एका स्वराभोवती जुळणारे तुकडे, बघितले की उत्तर मिळतं, शब्द केवढाही लांब असो. रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियनने पहिल्या शतकात नियम सांगितला तोही गणांशिवायच. गणांची गरज का पडते हे लॅटिनमध्ये दिसत नाही, कैरोच्या अरबीत दिसतं. म्हणून आधी तिथले दोन शब्द बघू.

कैरोत अभिजात अरबीतले शब्द ज्या पद्धतीने वाचतात त्यात ‘शजरतुहु’ म्हणजे ‘त्याचं झाड’ आणि ‘अद्वियतुहु’ म्हणजे ‘त्याची औषधं’. दोन्हींत पाच सिलॅबल. पहिला शब्द श-ज-र-तु-हु, दुसरा अद्-वि-य-तु-हु. पहिला सिलॅबल सोडला तर पुढचे चारही दोन्हीकडे लघू आहेत. तरी बल वेगवेगळ्या जागी पडतं: पहिल्या शब्दात ‘र’वर, म्हणजे शेवटून तिसऱ्यावर, आणि दुसऱ्यात ‘तु’वर, म्हणजे शेवटून दुसऱ्यावर. शब्दाच्या शेवटाकडे कितीही बारकाईने पाहिलं तरी हा फरक सापडणार नाही, कारण तिथे फरकच नाही. फरक आहे तो अगदी पहिल्या सिलॅबलमध्ये. बल पडतं त्या जागेपासून इतक्या लांबची गोष्ट बलाची जागा कशी ठरवते?

मोजणी सुरुवातीपासून होते असं मानलं तरच याचं उत्तर मिळतं. डावीकडून दोन-दोन मात्रांचे गट पाडत या. गुरूच्या दोन मात्रा, म्हणून तो एकटाच एक गट. लघूची एक मात्रा, म्हणून दोन लघू मिळून एक गट.

(श.ज)(ˈर.तु) हु

(अद्)(वि.य)(ˈतु.हु)

शेवटच्या पूर्ण गटाच्या पहिल्या सिलॅबलवर बल, ते ˈ या खुणेने दाखवलं आहे. सुरुवातीच्या गुरूने आपला गट एकट्याने भरला, त्यामुळे पुढची सगळी जोडणी एका घराने सरकली आणि बलही सरकलं. या गटांनाच गण म्हणायचं. ‘शेवटून इतकवा’ असा नियम इथे करता येत नाही. ‘शेवटच्या गुरूपासून, तो नसेल तर शब्दाच्या सुरुवातीपासून, सम अंतरावरचा’ असा करता येतो, पण सम अंतर मोजणं म्हणजेच जोड्या पाडणं. गण लागतात का, याचं उत्तर एवढंच आहे.

शाळेत शिकलेले यमाताराजभानसलगा हे तीन-तीन अक्षरांचे गण मात्र इथे डोक्यातून काढून टाका. मात्रावृत्तात ठराविक मात्रांचं आवर्तन पडत जातं, त्याच्याशी इथल्या गणांचं नातं जवळचं आहे.

आता पायऱ्या. कुठलीही भाषा असली तरी पाच निर्णय घ्यायचे असतात आणि ते याच क्रमाने: शब्दाचे सिलॅबल पाडणं, त्यांचं वजन ठरवणं, शेवटचं काही हिशेबाबाहेर ठेवायचं का ते पाहणं, गण पाडणं, आणि त्यातला मुख्य गण निवडणं. क्रम मोडला की उत्तर चुकतं, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीचं उत्तर गृहीत धरते. सगळ्यात जास्त चुका पहिल्या दोन पायऱ्यांत होतात, आणि मराठी वाचणाऱ्याच्या होतात त्या ठराविक जागी होतात. म्हणून तिथे जरा थांबतो.

लिखित अक्षर म्हणजे सिलॅबल नव्हे. लॅटिनचा ‘रेफेक्तुस’ देवनागरीत रे-फे-क्तु-स असा चार अक्षरी दिसतो. उच्चारात तो तीनच सिलॅबलचा आहे: रे-फेक्-तुस्. जोडाक्षरातला पहिला वर्ण आधीच्या सिलॅबलला जोडला जातो आणि शब्दाच्या शेवटचं सुटं व्यंजन वेगळा सिलॅबल होत नाही. जुन्या छंदशास्त्राला हे पक्कं माहीत होतं. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू धरायचं, हा नियम त्यातूनच आला. फक्त तिथे तो लिखित अक्षरांच्या भाषेत सांगितला आहे. म्हणून कागदावर आधी टिंब घालून सिलॅबल पाडा आणि मगच वजन लावा. अक्षरं मोजत थेट लघुगुरू लिहायला घेतलं की ‘क्तु’ गुरू की ‘फे’ गुरू यातच वेळ जातो.

दुसरी अडचण ए आणि ओ यांची. आपल्या लिपीत आणि आपल्या वृत्तांत ते कायम गुरू. लॅटिनमध्ये ऱ्हस्व ए, ऱ्हस्व ओ असतात आणि देवनागरी ते दाखवत नाही. ‘रेफेक्तुस’मधला ‘रे’ लघू आहे. ‘फेक्’ गुरू आहे, पण तो ‘ए’मुळे नव्हे, व्यंजनाने मिटलेला असल्यामुळे. परकी भाषा देवनागरीत लिहून काम करत असाल तर दीर्घ स्वरावर स्वतःची वेगळी खूण करा. नाहीतर ए-ओ दिसला की हात आपोआप गुरू लिहितो.

तिसरी अडचण जोडाक्षरांचीच, उलट बाजूने. ‘तुझ्या’, ‘पुन्हा’ या शब्दांत पहिलं अक्षर आपण लघूच धरतो, कारण ‘झ्या’, ‘न्हा’ अखंड पुढच्या सिलॅबलमध्ये जातात आणि मागच्यावर आघात येत नाही. लॅटिनमध्येही हेच होतं. ‘तेनेब्राए’ म्हणजे अंधार. त्याचे सिलॅबल ते-ने-ब्राए असे पडतात. ‘ब्र’ फुटत नाही, म्हणून ‘ने’ मोकळा आणि लघू राहतो, आणि गद्यात बल ‘ते’वर जातं. ‘ब्’ मागे ढकलून ‘नेब्’ केलंत तर बल चुकीच्या ठिकाणी पडेल. प, त, क, ब, द, ग यांच्यापुढे र किंवा ल आला की आधी त्या भाषेतलं या जोडीचं वागणं तपासायचं आणि मग सिलॅबल पाडायचे.

वजनाच्या पायरीवर एक गोष्ट प्रत्येक भाषेत नव्याने विचारावी लागते: मिटलेला सिलॅबल गुरू आहे का? दीर्घ स्वर असलेला सिलॅबल, भाषा वजन मानणारी असेल तर, गुरू असतोच. पण ऱ्हस्व स्वर अधिक व्यंजन, म्हणजे ‘बन्’, ‘तक्’ असला सिलॅबल लॅटिनमध्ये गुरू आहे, तर खाल्खा मंगोलियनमध्ये लघू. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या क्वाकवाला भाषेत सिलॅबल न्, म्, ल् यांसारख्या नादमय व्यंजनाने मिटला तर गुरू, आणि ‘त्’सारख्या व्यंजनाने मिटला तर लघू. सिलॅबलच्या सुरुवातीची व्यंजनं मात्र जवळजवळ कुठेच वजनात धरली जात नाहीत. ‘स्त्रि’ आणि ‘इ’ दोन्ही एकेका मात्रेचे.

हे वजन काही भाषांत विचारातच घेत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली पिंतुपी तशी आहे. तिथे सिलॅबल मोजायचे, मात्रा नाहीत. डावीकडून दोन-दोनचे गण पाडायचे, प्रत्येक गणाच्या पहिल्यावर बल, त्यातलं सर्वांत पहिलं मुख्य, आणि शेवटी एकटा उरलेला सिलॅबल बलाशिवाय. ‘मलवना’ या चार सिलॅबलच्या शब्दात (ˈम.ल)(ˌव.ना), मुख्य बल पहिल्यावर, दुय्यम तिसऱ्यावर. पाच सिलॅबल असतील तरी बलं तीच दोन, पाचवा तसाच सुटतो. वजन न मानणारी भाषा ओळखायची खूण सोपी आहे: सिलॅबलांची संख्या तीच ठेवून लघूच्या जागी गुरू घातला तरी बल जागचं हलत नाही.

तिसरी पायरी हिशेबाबाहेर ठेवण्याची. शब्दाच्या टोकाचा एखादा तुकडा, आणि तो फक्त टोकाचाच, गण पाडताना नसल्यासारखा धरायचा. ही पळवाट वाटते खरी, पण तिच्यामुळे किती गोष्टी एकदम सुटतात ते कैरोतच बघा. ‘किताब’मध्ये बल शेवटच्या ‘ताब्’वर पडतं. ‘कतब’ म्हणजे ‘त्याने लिहिलं’, त्यात शेवटचा ‘तब्’ही मिटलेलाच आहे, पण बल ‘क’वर. आणि ‘मुदर्रिस’ म्हणजे शिक्षक, त्यात ‘रिस्’ मिटलेला असून बल ‘दर्’वर. सुरुवातीच्या आणि मधल्या जागी मिटलेला सिलॅबल गुरू धरला जातो, हे ‘अद्’ने आपल्याला दाखवलं, ‘दर्’ही तेच सांगतो. मग शेवटीच तो लघू कसा? शब्दाचं अगदी शेवटचं व्यंजन हिशेबाबाहेर ठेवा. ‘ताब्’चा ‘ब्’ गेला तरी ‘ता’ उरतो, दोन मात्रांचा, गुरू. ‘तब्’चा ‘ब्’ गेला की ‘त’ उरतो, एक मात्रा, लघू. ‘रिस्’चा ‘रि’ होतो. तिन्ही शब्द एकाच नियमात बसले:

कि (ˈता)ब्

(ˈक.त)ब्

मु (ˈदर्) रिस्

‘मुदर्रिस’मध्ये आणखी एक गोष्ट बघण्यासारखी आहे. ‘मु’ गणाबाहेर राहिला. (मु.दर्) असा गण का नाही केला? कारण तो तीन मात्रांचा होतो. दोन मात्रांची ट्रोकी म्हणजे काटेकोर दोनच मात्रा, आणि बल गणाच्या सुरुवातीला. पुढे गुरू उभा असेल तर त्याच्या आधीचा एकटा लघू सोडून द्यायचा आणि पुढच्यापासून नवा गण सुरू करायचा. ओढूनताणून त्याला कुठल्या तरी गणात बसवण्याची सवय लागली तर पुढचे सगळे गण सरकतात.

लॅटिनमध्ये बाहेर राहतो तो व्यंजन नव्हे, अख्खा शेवटचा सिलॅबल. उरलेल्या भागात उजवीकडून दोन मात्रांच्या ट्रोकी पाडायच्या आणि सर्वांत उजवीकडच्या गणाला मुख्य बल. टोकाचा तुकडा < > मध्ये टाकून लिहितो:

अ (ˈमी) <कुस्>

फ (ˈमि.लि) <अ>

दो (ˈमेस्) ति <कुस्>

‘अमीकुस’ म्हणजे मित्र: उपांत्य ‘मी’ दीर्घ, तो एकटाच गण. ‘फमिलिअ’मध्ये उपांत्य लघू, तो मागच्या लघूबरोबर जोडला जातो आणि बल त्या मागच्यावर. ‘दोमेस्तिकुस’मध्ये ‘ति’ला जोडायला मागे लघू नाही, गुरू आहे. म्हणून ‘ति’ सुटतो आणि ‘मेस्’ला बल मिळतं. तुम्हाला पाठ असलेला नियम आणि हे गण, दोन्हींनी प्रत्येक वेळी एकच उत्तर येतं. फरक इतकाच की ‘नाहीतर त्याच्या आधीच्यावर’ असं का, हे आता दिसतं: एकट्या लघूत गणापुरत्या मात्रा नसतात.

मग ‘बोनुस’ म्हणजे ‘चांगला’ या शब्दाचं काय? शेवटचा ‘नुस्’ बाहेर ठेवला तर ‘बो’ हा एकच लघू उरतो आणि गणच पडत नाही. अशा वेळी बाहेर ठेवलेला तुकडा परत आत घ्यायचा. पूर्ण अर्थाचा शब्द बलाशिवाय राहू शकत नाही, म्हणून बल ‘बो’वर. एका सिलॅबलच्या शब्दातही शेवटचा सिलॅबल बाहेर ठेवता येत नाही, कारण मग शब्दच उरत नाही. लॅटिनमध्ये स्वतंत्र अर्थाचा शब्द निव्वळ एका लघूचा असत नाही, तोही याच कारणाने. ‘दे’ या अर्थाचा आज्ञार्थ ‘दा’ आहे, दीर्घ.

इथवर दोन मात्रांच्या ट्रोकी पाहिल्या. आयँब म्हणजे बल गणाच्या शेवटी. त्यावर जास्त थांबत नाही, पण त्याची ओळख कशी पटवायची ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना बल दुसऱ्या सिलॅबलवर ऐकू आलं की लगेच आयँब वाटतो. आयँब मानणाऱ्या भाषांत बलाचा सिलॅबल बहुधा लांबतो. ओक्लाहोमातल्या चिकसॉ भाषेत ‘पिसलि’ म्हणजे ‘मी त्याला पाहतो’. उच्चार होतो ‘पिसाऽलि’, (पि.साऽ) लि. त्याला ‘तुला’ अर्थाचा ‘चि’ लावला की ‘चिपीऽसलि’. लांबलेला सिलॅबल बदलला! ‘स’ आखूड झाला, ‘पि’ लांबला. धातू तोच, उपसर्गामुळे जोड्या सरकल्या: (चि.पीऽ)(स.लि). शेवटच्या गणात ‘लि’ लांबत नाही, शब्दाच्या टोकाला लांबवणं टाळलं जातं. उपसर्ग लावून स्वराची लांबी अशी उड्या मारत असेल तर आयँबची शंका घ्यायची. नुसतं दुसऱ्यावर बल ऐकू आलं एवढ्यावर नाही, कारण ‘अमीकुस’मध्येही बल दुसऱ्यावरच आहे आणि लॅटिनमध्ये आयँबचा संबंध नाही.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे, न ऐकलेल्या शब्दाकडे. त्यासाठी तिसरी एक पद्धत हाताशी घेऊ म्हणजे तुलना होईल. ‘मद्रसा’, म्हणजे शाळा, हा शब्द कैरोत (मद्)(ˈर.सा), बल ‘र’वर; लिहिताना ‘सा’ दिसला तरी तो ऱ्हस्व आणि लघू आहे. दमास्कसकडच्या बोलीत तो ‘मद्रसे’ होतो आणि बल ‘मद्’वर. एवढा एकच शब्द पाहिला तर वाटेल की दमास्कसकडे लॅटिनचीच रीत आहे: (ˈमद्) र <से>. पण त्या बाजूच्या पॅलेस्टिनी अरबीत ‘बकरितो’ म्हणजे ‘त्याची गाय’, चार लघू, आणि बल पहिल्या ‘ब’वर, शेवटून चौथ्यावर! लॅटिनच्या रीतीने शेवटून चौथ्यावर बल कधीच जात नाही. तिथे शेवटचा सिलॅबल नव्हे, शब्दाच्या अगदी काठावर संपणारा अख्खा शेवटचा गण बाहेर ठेवला जातो: (ˈब.क) <(रि.तो)>. ‘मद्रसे’ही या रीतीने बसतो: (ˈमद्) <(र.से)>. म्हणजे एका शब्दाला दोन रीती लागू पडत होत्या आणि निवाडा केला चार लघूंच्या शब्दाने.

आता एक बनवलेला शब्द घेतो, कुठल्याच भाषेत नसलेला: ‘बलन्तिमु’. सिलॅबल ब-लन्-ति-मु. वजन: लघू, गुरू, लघू, लघू.

लॅटिनची रीत: <मु> बाहेर, ‘ति’ एकटा म्हणून सुटला, ‘लन्’ गण. बल ‘लन्’वर.

कैरोची रीत: शेवटी व्यंजन नाही, बाहेर ठेवायला काही नाही. डावीकडून ‘ब’ सुटला, (लन्), (ति.मु). बल ‘ति’वर.

पॅलेस्टिनी रीत: गण तेच, पण शेवटचा गण काठावर संपतो म्हणून बाहेर. बल ‘लन्’वर.

पिंतुपीची रीत: (ब.लन्)(ति.मु), वजन बघायचंच नाही. मुख्य बल ‘ब’वर, दुय्यम ‘ति’वर.

लॅटिन आणि पॅलेस्टिनी इथे एकच उत्तर देतात, म्हणून या दोहोंतली कुठली रीत चालू आहे हे या शब्दावरून कळणार नाही. शेवटी एक लघू वाढवू: ‘बलन्तिमुरु’. लॅटिन: <रु> बाहेर, (ति.मु), बल ‘ति’वर. कैरो: (लन्)(ति.मु), ‘रु’ सुटला, बल ‘ति’वर. पॅलेस्टिनी: शेवटचा गण (ति.मु) आता काठावर नाही, पुढे ‘रु’ आहे, म्हणून तो बाहेर ठेवता येत नाही, बल ‘ति’वर. शब्द लांब झाला आणि तिन्ही रीती एकच उत्तर देऊ लागल्या. या शब्दाने तर काहीच सिद्ध होत नाही.

आणखी एक लघू: ‘बलन्तिमुरुकि’.

लॅटिन: ब (लन्) ति (ˈमु.रु) <कि>, बल ‘मु’वर.

कैरो: ब (लन्)(ति.मु)(ˈरु.कि), बल ‘रु’वर.

पॅलेस्टिनी: ब (लन्)(ˈति.मु) <(रु.कि)>, बल ‘ति’वर.

तीन रीती, तीन वेगळ्या जागा. अनोळखी भाषेतली रीत शोधायची असेल तर असे शब्द गोळा करायचे: एका गुरूनंतर चार लघूंची सलग रांग, मग तीन लघूंची, दोनची; आणि तशीच रांग पुढे गुरू नसताना. दोन-तीन सिलॅबलचे शे-दोनशे शब्द जमवले तरी त्यातून रीत पक्की कळत नाही, कारण वेगवेगळ्या रीती आखूड शब्दात बहुधा एकच उत्तर देतात. माझ्या मते बल-वर्णनं फसतात ती बहुतेक इथेच. आखूड शब्दांवरून नियम बांधला जातो, तो ‘शेवटून दुसरा’ असा सुटसुटीत दिसतो, आणि प्रत्यय लागून शब्द लांबला की कोसळतो.

रांग मोजून जोड्यांची दिशाही लगेच कळते. पिंतुपीच्या उलट बाजूला व्हेनेझुएलातल्या ओरिनोकोच्या मुखाजवळची वाराओ ही भाषा आहे. तिथेही दोन सिलॅबलच्या ट्रोकीच आहेत, पण उजवीकडून. मुख्य बल कायम उपांत्यावर, आणि विषम संख्येच्या शब्दात सुटा सिलॅबल सुरुवातीला उरतो. सुटा सिलॅबल कुठल्या टोकाला राहिला ते बघा, त्याच्या विरुद्ध टोकाकडून जोड्या पडल्या. सम संख्येच्या शब्दातून हे कधीच समजणार नाही.

दुय्यम बल ऐकू आलं तर गण सरळ दिसतात. पण ते ऐकू येईलच असं नाही. कैरोच्या अरबीच्या बहुतेक वर्णनांत दुय्यम बल नोंदलेलं नाही. तिथले गण मुख्य बलाच्या जागेवरूनच ताडावे लागतात. ध्वनिमुद्रण करत असाल तर शब्द सुटा किंवा यादीत वाचून घेऊ नका. यादीत प्रत्येक शब्दाच्या शेवटी स्वर चढतो किंवा पडतो आणि शेवटचा सिलॅबल लांबतो, ते बल समजून बसाल. एकच ठराविक वाक्य घ्या, शब्द त्याच्या मधोमध ठेवा आणि मग ऐका.

इंग्रजीचं काय, हा पुढचा प्रश्न असणारच. चॉम्स्की आणि हॅले या भाषाशास्त्रज्ञांनी 1968 साली दाखवलं की इंग्रजी नामांचा मोठा भाग लॅटिनच्याच रीतीने चालतो: अ (ˈमे.रि) <का>, अ (ˈजेन्) <डा>. क्रियापदांत मात्र शेवटचा सिलॅबल नव्हे, फक्त शेवटचं व्यंजन बाहेर राहतं. म्हणून ‘डेव्हलप’चं बल ‘व्हे’वर येतं: डि (ˈव्हे.ल)प्. मराठीभाषक ते बरेचदा ‘डे’वर देतात. ‘मेन्टेन’मध्ये शेवटचा ‘न्’ वजा करूनही ‘टे’ दीर्घ उरतो, म्हणून बल शेवटी. तोच आकार नामाला वेगळं बल देतो आणि क्रियापदाला वेगळं, त्यामुळे इंग्रजीत शब्दाची जात कळल्याशिवाय तिसरी पायरी ओलांडता येत नाही. नवा इंग्रजी शब्द असेल तर आधी तो नाम की क्रियापद ते ठरवा.

आणि तरीही इंग्रजीत काही शब्द हाती लागत नाहीत. ‘कॅनडा’मध्ये बल शेवटून तिसऱ्यावर, रीतीप्रमाणे. ‘व्हॅनिला’तही उपांत्य सिलॅबल ऱ्हस्व आणि मोकळाच आहे (स्पेलिंगमधला जोड ‘एल’ उच्चारात एकच आहे), तरी बल ‘नि’वर. या शब्दाचं बल शब्दाबरोबरच लक्षात ठेवावं लागतं. लॅटिनमध्येही असे मोजके शब्द आहेत, पण त्यांचं कारण सापडतं. ‘इल्लीक’ म्हणजे ‘तिथे’, याचं बल शेवटच्या ‘लीक्’वर आहे, कारण पूर्वी तो ‘इल्लीके’ होता. तेव्हा ‘ली’ उपांत्य आणि गुरू होता, पुढे शेवटचा स्वर गळाला आणि बल जागेवरच राहिलं. ‘नोस्त्रास’, म्हणजे ‘आमच्या गावचा’, याचीही गोष्ट तशीच. नियमाबाहेरचा शब्द दिसला की त्याचं जुनं रूप आणि त्यातला प्रत्यय आधी बघावा. अपवाद म्हणून सोडून देण्यापूर्वी एवढं करायलाच हवं.

सगळ्याच भाषा गणांनी चालत नाहीत, हेही लक्षात असू द्या. क्वाकवालात सर्वांत डावीकडच्या गुरूवर बल, तो दुसरा असो की पाचवा. शब्दात गुरूच नसेल तर शेवटच्या सिलॅबलवर. तिथे जोड्या मोजून काही मिळत नाही, नुसता गुरू शोधायचा. रशियनसारख्या भाषेत बल शब्दागणिक ठरलेलं असतं आणि नवीन शब्दापुढे कुठलीही पायरी तुम्हाला खात्रीचं उत्तर देणार नाही. म्हणून भाषेचा पहिला धडा हाती येताच एक तपासणी करून घ्या: वजन आणि लांबी सारखीच असलेले दोन शब्द शोधा, ज्यांचा प्रकार एक, प्रत्ययही सारखेच, आणि बल वेगळं. अशा जोड्या ढिगाने मिळाल्या तर गण पाडण्यात वेळ घालवू नका, शब्दकोशातून बल पाठ करा. एखाददुसरीच मिळाली, किंवा मिळालीच नाही, तर वरच्या पाच पायऱ्या घेऊन बसा आणि चार लघूंची रांग असलेल्या शब्दापासून सुरुवात करा.